डॉलर पासष्टचा की वीसचा?

२०१७ या एकाच वर्षासाठी डॉलरचे दोन भाव अधिकृतपणे नोंदलेले आहेत. बाजारात त्या वर्षीचा सरासरी भाव होता ६५ रुपये १२ पैसे. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाने त्याच वर्षासाठी काढलेला भाव होता २० रुपये ६५ पैसे. भारत ही जगातली तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आहे असे आपण अनेकदा वाचतो. त्या विधानामागे हा दुसरा भाव असतो. भारताचे रुपयांतले उत्पन्न ६५ ऐवजी २० ने भागले, की डॉलरमधला आकडा तिपटीहून मोठा होतो.

या दुसऱ्या भावाला क्रयशक्ती समानतेचा दर म्हणतात. त्याच्याभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे. रुपयाची 'खरी' किंमत वीसला एक डॉलर अशी आहे, बाजाराने ती पाडून ठेवली आहे आणि एक दिवस डॉलर वीस रुपयांवर यायला हवा, असे तो गैरसमज सांगतो. तसे होणार नाही, आणि का होणार नाही हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण याच कल्पनेचे दुसरे रूप डॉलर पुढच्या पाचदहा वर्षांत साधारण कुठे असेल याचा अंदाज करण्यासाठी खरोखर उपयोगी पडते. पहिल्या रूपाला निरपेक्ष समानता म्हणतात आणि दुसऱ्याला सापेक्ष समानता. दोन्ही एकाच कल्पनेतून निघतात, पण त्यांचे दावे फार वेगळे आहेत.

वीस रुपयांचा डॉलर कसा निघतो

निरपेक्ष समानतेचा आधार एक साधा विचार आहे. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन किमतींना मिळत असेल, तर कोणीतरी ती स्वस्त ठिकाणी घेऊन महाग ठिकाणी विकेल. असे व्यवहार वाढत गेले की एकीकडे मागणीने भाव चढेल, दुसरीकडे पुरवठ्याने उतरेल आणि फरक मिटेल. सोन्याच्या बाबतीत हे रोज घडताना दिसते. मुंबईच्या झवेरी बाजारातला भाव म्हणजे लंडनचा डॉलरमधला भाव, गुणिले डॉलरचा दर, अधिक आयात शुल्क आणि थोडाफार खर्च. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा इथला भाव लगेच तेवढ्या प्रमाणात खाली घसरला. लंडन आणि मुंबई यांच्यातले नाते किती घट्ट आहे ते त्यातून दिसले.

हाच विचार सगळ्या वस्तूंना लावला तर निरपेक्ष समानता तयार होते. अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, तेवढ्याच भारतात घ्यायला जितके रुपये लागतात, तितका डॉलरचा दर असायला हवा, असे ती म्हणते. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात हाच हिशेब करतात. २०१७ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. तांदूळ, कपडे, घरभाडे, डॉक्टरची फी, केस कापण्याचा खर्च, यंत्रे, बांधकाम अशा शेकडो बाबींच्या किमती ठरवून दिलेल्या वर्णनानुसार गोळा केल्या जातात. प्रत्येक देशाच्या एकूण खर्चात त्या बाबीचा वाटा किती, यानुसार तिला महत्त्व दिले जाते. त्यातून भारतासाठी २० रुपये ६५ पैसे हा आकडा निघाला. सरासरी अमेरिकी डॉलर तिथे जे विकत घेतो, ते इथे साधारण एकवीस रुपयांत मिळत होते.

मग बाजारातला डॉलर वीसकडे का सरकत नाही? कारण त्या यादीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी सीमा ओलांडतच नाहीत. सोने विमानाने लंडनहून मुंबईला येते. पण शिकागोतला माणूस केस कापायला सोलापूरला येणार नाही. सोलापुरातले स्वस्त घर उचलून बॉस्टनमध्ये भाड्याने देता येणार नाही. घरभाडे, शाळा, दवाखाना, रिक्षा, धुणीभांडी यांच्या किमती त्या त्या देशातल्या मजुरीवर ठरतात. भारतात मजुरी कमी असल्यामुळे या सेवा स्वस्त आहेत. दोन देशांतला तो फरक मिटवणारा व्यापारी कुठेच नाही, कारण ज्याची ने-आण करता येईल असा मालच नाही.

म्हणजे २०.६५ आणि ६५.१२ यांच्यातली दरी भारतीय श्रमाची स्वस्ताई मोजते. तिला रुपयावरचा अन्याय म्हणता येत नाही. राहणीमानाची तुलना करायची असेल तर हा आकडा फार मोलाचा आहे. पुण्यात महिना पन्नास हजार रुपये मिळवणारा माणूस अमेरिकेतल्या किती डॉलरवाल्यासारखा जगतो, हे विचारायचे असेल तर ६५ ने भागून उत्तर चुकेल. पण परदेशातून यंत्र, तेल किंवा शिक्षण विकत घ्यायचे असेल तर मोजावे लागतात ते बाजारातले रुपयेच. तिथे वीस रुपयांच्या डॉलरला कोणी विचारत नाही.

दरी कायम राहिली तर

इथे सापेक्ष समानता पुढे येते. ती म्हणते, दरी असू द्या. वाहतूक, कर, मजुरीतला फरक यांमुळे किमतींच्या पातळ्या कधीच जुळणार नाहीत, हे मान्य आहे. पण ही कारणे दरवर्षी बदलत नसतील, तर दरीचे प्रमाण साधारण तेवढेच राहील. मग विनिमय दर किती बदलेल हे दोन देशांच्या महागाईतल्या फरकावरून कळेल.

हा दावा तुलना कार्यक्रमाच्याच आकड्यांवर तपासता येतो. त्याआधीच्या, म्हणजे २०११ च्या फेरीत भारताचा समानता दर १५ रुपये ५५ पैसे होता आणि बाजारभाव ४६ रुपये ६७ पैसे. त्या वर्षी समानता दर बाजारभावाच्या सुमारे ३३ टक्के होता. २०१७ मध्ये तो सुमारे ३२ टक्के होता. सहा वर्षांत दरी जवळजवळ जशीच्या तशी राहिली. समानता दर या काळात ३३ टक्क्यांनी वाढला, म्हणजे भारतातल्या किमती अमेरिकेच्या तुलनेत तेवढ्या वाढल्या. २०११ चा बाजारभाव तेवढाच वाढवला तर ६२ रुपये येतात. प्रत्यक्षात ६५ झाले. निरपेक्ष समानता तिपटीने चुकली, तिथे सापेक्ष समानता पाच टक्क्यांच्या आसपास चुकली.

ही कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कॅसेल यांच्यासमोरही हाच व्यावहारिक प्रश्न होता. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि युरोपातल्या देशांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. तोवर प्रत्येक चलनाचे सोन्यातले वजन ठरलेले असल्यामुळे चलनांचे आपसातले भावही ठरलेले होते. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, प्रत्येक देशात महागाई वेगवेगळ्या वेगाने वाढली आणि जुने भाव निरर्थक झाले. मग नवा भाव कशाच्या आधारे ठरवायचा? १९१८ मध्ये कॅसेल यांनी या कल्पनेला क्रयशक्ती समानता हे नाव दिले. त्यांचे उत्तर असे होते की युद्धापूर्वीचा भाव घ्या आणि त्याला दोन देशांतल्या महागाईच्या गुणोत्तराने गुणा.

हे उत्तर दुर्लक्षित केले तर काय होते, ते १९२५ मध्ये ब्रिटनने दाखवून दिले. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा सोन्याशी बांधला, तोही युद्धापूर्वीच्या भावाने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर. मधल्या काळात ब्रिटनमधल्या किमती अमेरिकेपेक्षा जास्त वाढलेल्या होत्या. जॉन मेनार्ड केन्स यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून दाखवले की पौंड साधारण दहा टक्क्यांनी महाग ठेवला गेला आहे, आणि आता निर्यात टिकवायची तर मजुरी दहा टक्क्यांनी कापावी लागेल. सगळ्यात आधी हे संकट कोळशाच्या खाणींवर आले. खाणमालकांनी मजुरी कमी करायची आणि तास वाढवायचे म्हटले आणि मे १९२६ मध्ये ब्रिटनभर सार्वत्रिक संप झाला. अखेर १९३१ मध्ये ब्रिटनला सोन्याची बांधणी सोडावी लागली. दहा टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. पण चलनाचा भाव हलू दिला नाही तर तो फरक माणसांच्या पगारातून वसूल होतो.

अंदाज कसा काढायचा

कॅसेल यांनी मागच्या महागाईवरून आजचा योग्य भाव काढला. पुढच्या महागाईचा अंदाज घेऊन हाच हिशेब केला तर पुढचा अपेक्षित स्पॉट रेट मिळतो. स्पॉट रेट म्हणजे आज सौदा ठरला आणि साधारणपणे दोन कामकाजाच्या दिवसांत पैसे हातात द्यायचे असे असताना लागणारा भाव. सूत्र असे आहे:

अपेक्षित दर = आजचा दर × [(१ + देशातील महागाई) ÷ (१ + परदेशातील महागाई)]^वर्षे

समजा आज डॉलर ८५ रुपयांना आहे आणि पाच वर्षांनंतरचा अंदाज हवा आहे. महागाईचे कोणते आकडे घ्यायचे? सगळ्यात सरळ आधार दोन मध्यवर्ती बँकांनी स्वतः जाहीर केलेल्या उद्दिष्टांचा. रिझर्व्ह बँकेसाठी ग्राहक महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के आहे, त्याच्या वर आणि खाली दोन टक्क्यांची मुभा आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे उद्दिष्ट २ टक्के आहे. आता १.०४ ला १.०२ ने भागले की १.०१९६ येतात. म्हणजे दोन्ही बँका आपापल्या कामात यशस्वी झाल्या, तरीसुद्धा डॉलर दरवर्षी सुमारे १.९६ टक्के महाग होत राहील. पाच वर्षांचा चक्रवाढ गुणाकार १.१०२ होतो. ८५ गुणिले १.१०२ म्हणजे सुमारे ९३ रुपये ७० पैसे.

घाईच्या हिशेबात लोक भागाकार न करता नुसती वजाबाकी करतात. ४ वजा २ म्हणजे २ टक्के. तसे केले तर पाच वर्षांनी ९३ रुपये ८५ पैसे येतात आणि फरक पंधरा पैशांचा राहतो. महागाई कमी असेल तर हे चालते. महागाई जास्त असेल तर चालत नाही. तुर्कस्तानात २०२२ च्या डिसेंबरमध्ये वार्षिक महागाई ६४.३ टक्के होती, अमेरिकेत ६.५ टक्के. वजाबाकीने फरक जवळपास ५८ टक्के दिसतो, भागाकाराने ५४ टक्के. एका वर्षात चार टक्क्यांची चूक, आणि ती पुढे चक्रवाढीने वाढत जाते.

आणखी दोन ठिकाणी चुका होतात. भाव 'एका डॉलरला इतके रुपये' असा लिहिला असेल तर रुपयाच्या देशाची महागाई वर यायला हवी. भाव उलटा लिहिला तर भागाकारही उलटतो. उत्तर पडताळायची सोपी खूण अशी की ज्या देशात महागाई जास्त, त्याचे चलन उत्तरात घसरलेले दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल तर कुठेतरी वरखाली झाले आहे. दुसरे म्हणजे दोन्ही देशांची महागाई एकाच काळाची हवी. भारतातले आकडे पुष्कळदा आर्थिक वर्षाचे असतात, अमेरिकेतले कॅलेंडर वर्षाचे. शांत काळात त्याने फारसे बिघडत नाही, पण महागाई झपाट्याने वरखाली होत असताना तीन महिन्यांच्या सरकण्याने उत्तर बदलू शकते.

सव्वीस वर्षांची कसोटी

हिशेब मांडणे सोपे आहे. तो खरा ठरतो का, हे रुपयाच्याच इतिहासावर पाहू. मार्च १९९३ मध्ये रुपयाचा भाव बाजारावर सोपवण्यात आला, त्यामुळे १९९३-९४ हे सुरुवातीचे वर्ष घेऊ. त्या वर्षी डॉलरचा सरासरी भाव ३१ रुपये ३७ पैसे होता. शेवटचे वर्ष २०१९-२० घेऊ, म्हणजे कोविडची उलथापालथ हिशेबात येणार नाही. तेव्हाचा सरासरी भाव सुमारे ७० रुपये ९० पैसे.

आधी ग्राहक किमतींनी मोजू. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार या सव्वीस वर्षांत भारतातल्या किमती सुमारे ५.८ पट झाल्या. अमेरिकेतल्या ग्राहक किमती साधारण १.७७ पट झाल्या. दोहोंचे गुणोत्तर ३.२८ येते. ३१.३७ ला त्याने गुणले तर डॉलर सुमारे १०३ रुपये व्हायला हवा होता. तो ७१ च्या आसपास होता. दिशा बरोबर आली, पण रुपया सूत्राने सांगितल्यापेक्षा बराच कमी घसरला.

आता तोच काळ घाऊक किमतींनी मोजू. अधिकृत जोड-गुणक वापरून वेगवेगळ्या मालिका एकत्र केल्या तर भारताचा घाऊक किंमत निर्देशांक १९९३-९४ मधल्या १०० वरून २०१९-२० मध्ये ३५६ च्या आसपास गेला. अमेरिकेचा उत्पादक किमतींचा निर्देशांक याच काळात सुमारे १.६७ पट झाला. गुणोत्तर २.१३. त्याने आलेला डॉलरचा अंदाज सुमारे ६७ रुपये. प्रत्यक्षात जवळपास ७१. सव्वीस वर्षांच्या अंतरावर सहा टक्क्यांच्या आत आलेला हा अंदाज आहे.

देश तेच, वर्षे तीच, सूत्र तेच, तरी एक उत्तर १०३ आणि दुसरे ६७. हा फरक कुठून आला? घाऊक निर्देशांकात धान्य, कापड, पोलाद, रसायने, इंधन अशा वस्तू असतात. सेवा नसतात. म्हणजे तो बहुतांशी सीमा ओलांडू शकणाऱ्या मालाच्या किमती मोजतो, आणि समानतेचा विचार ज्या व्यापाऱ्यावर उभा आहे तो व्यापारी अशाच मालाची ने-आण करतो. ग्राहक निर्देशांकात घरभाडे, शिक्षण, औषधोपचार, प्रवास हेही येतात. वाढणाऱ्या देशात त्यांची महागाई वेगळ्या कारणाने होते.

ते कारण १९६४ मध्ये बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी स्वतंत्रपणे मांडले. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात नवी यंत्रे आली, एक कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त उत्पादन काढू लागला आणि त्याचा पगार वाढला. गाडी मात्र महाग झाली नाही, कारण वाढलेल्या पगाराबरोबर उत्पादनही वाढले. त्याच गावातला न्हावी दिवसाला पूर्वीइतकेच केस कापतो. पण आसपासच्या कारखान्यांत चांगला पगार मिळत असताना तो जुन्या दरात काम करणार नाही. त्याचे दर वाढतात, आणि मागे उत्पादनवाढ नसल्यामुळे ती वाढ थेट किमतीत उतरते. शिक्षक, परिचारिका, सुतार सगळ्यांचे तसेच. देश जसजसा उत्पादक होतो तसतशा सेवा महागतात. ही महागाई ग्राहक निर्देशांकात दिसते, पण निर्यातीच्या मालाच्या स्पर्धेवर तिचा भार पडत नाही, म्हणून तिच्यामुळे रुपया घसरण्याचे कारण नसते. ग्राहक महागाई सूत्रात जशीच्या तशी घातली तर वाढत्या देशाच्या चलनाची घसरण फुगवून दिसते. १०३ हा आकडा तिथून आला.

मागच्या विभागात आपण पाच वर्षांचा अंदाज ग्राहक महागाईच्या उद्दिष्टांवरून काढला. म्हणून ९३.७० या आकड्याकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवे की भारताची उत्पादकता अमेरिकेपेक्षा वेगाने वाढत राहिली, तर तो अंदाज थोडा चढा असण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीच्या वर्षाचाही प्रश्न आहे. सूत्र असे गृहीत धरते की सुरुवातीचा भाव संतुलित होता. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्याच्या आधीचे वर्ष पाया म्हणून घेतले तर आपण कृत्रिमपणे चढ्या ठेवलेल्या रुपयापासून मोजू लागतो आणि पुढचे सगळे अंदाज वाकडे होतात. कोणी समानतेचा हिशेब दाखवून रुपया 'इतका महाग' किंवा 'इतका स्वस्त' आहे असे सांगितले, तर पहिला प्रश्न पायाभूत वर्षाचा विचारावा आणि दुसरा निर्देशांकाचा. रिझर्व्ह बँक दर महिन्याला वास्तव प्रभावी विनिमय दर प्रसिद्ध करते. त्यात ४० चलनांच्या तुलनेत, ग्राहक महागाई वजा करून, रुपया कुठे आहे ते दिसते. हा सापेक्ष समानतेचाच हिशेब आहे, फक्त एका डॉलरऐवजी सगळ्या व्यापारी भागीदारांशी केलेला. त्यात २०१५-१६ हे वर्ष १०० धरले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा आकडा १०८ च्या वर गेला आणि पुढच्या वर्षात उतरला. १०८ चा अर्थ इतकाच की २०१५-१६ च्या मानाने रुपया आठ टक्के चढा होता. त्या पायाभूत वर्षी तो नेमका योग्य जागी होता का, हे ती संख्या सांगत नाही.

एका वर्षाचे काय

सव्वीस वर्षांवर चाललेले सूत्र एका वर्षावर किती चालते? २०२२ मध्ये ते साफ कोसळले. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ७४ रुपये ३० पैशांच्या आसपास होता. त्या वर्षी चित्र नेहमीपेक्षा उलटे होते. डिसेंबरअखेर भारतातली वार्षिक महागाई ५.७ टक्के होती आणि अमेरिकेतली ६.५ टक्के. सूत्रानुसार रुपया किंचित वधारून ७३ रुपये ८० पैशांपर्यंत यायला हवा होता. वर्ष संपताना डॉलर होता ८२ रुपये ७० पैशांच्या पुढे. रुपया वधारण्याऐवजी डॉलरच अकरा टक्क्यांनी महागला.

कारण त्या वर्षी डॉलरची मागणी मालाच्या व्यापारापेक्षा भांडवलाच्या हालचालीने ठरली. महागाई रोखण्यासाठी फेडरल रिझर्व्हने मार्चमध्ये जवळपास शून्यावर असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. जगभरचा पैसा अमेरिकी रोख्यांकडे वळला, परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअर विकले आणि मिळालेल्या रुपयांचे डॉलर केले. त्यात युक्रेन युद्धामुळे कच्चे तेल भडकले, आणि भारत आपल्या गरजेपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त तेल डॉलर मोजून आयात करतो. गव्हाचा, कापडाचा किंवा पोलादाचा व्यापारी भावातल्या फरकाकडे पाहून नवे करार करतो, माल बनवतो, जहाजात भरतो. त्याला महिने, कधी वर्षे लागतात. रोख्यांचा व्यवहार काही सेकंदांत होतो. म्हणून थोड्या काळात भांडवल भाव ठरवते आणि दीर्घ काळात मालाच्या किमती.

हे 'दीर्घ' किती, याचेही उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी शोधले आहे. केनेथ रोगॉफ यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. विनिमय दर समानतेपासून दूर गेला तर ते अंतर निम्मे व्हायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात, असे त्यात दिसले. म्हणजे एखाद्या वर्षी भाव दहा टक्क्यांनी भरकटला तर चार वर्षांनीही पाच टक्के फरक शिल्लक असू शकतो. तेवढ्यात नवे धक्के बसतात ते वेगळेच. पुढच्या महिन्यात डॉलर कुठे असेल हे सापेक्ष समानतेला विचारू नये.

मुलीची फी आणि पाच वर्षे

या सगळ्याचा उपयोग कुठे होतो ते एका घरगुती हिशेबात पाहू. एका कुटुंबाला पाच वर्षांनी मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवायचे आहे. आज वर्षाचा खर्च ४०,००० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना, म्हणजे ३४ लाख रुपये. खर्च अमेरिकी महागाईने, दरवर्षी २ टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांनी तो सुमारे ४४,१६० डॉलर होईल. डॉलर आपल्या सूत्रानुसार ९३ रुपये ७० पैशांच्या जवळ असेल. गुणाकार केला की सुमारे ४१ लाख ३७ हजार रुपये येतात.

आता ३४ लाखांवर नुसती भारताची ४ टक्के महागाई पाच वर्षे चक्रवाढीने लावून पाहा. तेच ४१ लाख ३७ हजार येतात. हा योगायोग नाही. सापेक्ष समानतेचे म्हणणेच हे आहे की परदेशातली महागाई आणि डॉलरची वाढ मिळून शेवटी देशातल्या महागाईइतकी होते. म्हणून या कुटुंबाने डॉलर वर जाणार आणि फीही वर जाणार अशी दुहेरी भीती बाळगण्याचे कारण नाही. बचतीवर करानंतर भारतीय महागाईपेक्षा जास्त परतावा मिळत असेल, तर सरासरी अपेक्षेत ते मागे पडत नाहीत. त्या विद्यापीठाची फी अमेरिकेतल्या सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढत असेल, तर तेवढा फरक मात्र वरून जोडायला हवा, कारण तो कोणत्याही विनिमय दरात भरून निघत नाही.

पण मुलगी जाईल ते वर्ष सरासरी असेलच असे नाही. ते २०२२ सारखे निघाले आणि डॉलर सूत्राच्या अंदाजापेक्षा दहा टक्के वर असला, तर तेच ४१ लाख ३७ हजार साडेपंचेचाळीस लाख होतील. सव्वाचार लाखांच्या जवळपासची ही जास्तीची रक्कम कुटुंबाने वेगळी धरून ठेवावी, किंवा शेवटच्या दोन वर्षांत थोडे थोडे डॉलर आधीच घेऊन ठेवावेत. पाच वर्षांच्या बचतीचे लक्ष्य ठरवायला महागाईतला फरक पुरेसा आहे. पैसे भरण्याच्या तारखेसाठी मात्र तो पुरेसा नाही, तिथे हाताशी शिलकीच असावी लागते.